स्लाइड झाली, पण ‘तरच’ कुठे गेलं?

लसीकरणाच्या एका प्रशिक्षणासाठी मी पूर्वी केलेली एक स्लाइड अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर पाच बुलेट आहेत. पाचही खरे आहेत. तरीही स्लाइड चुकीची आहे, आणि हे मला सत्र चालू असताना, सगळ्यांसमोर कळलं.

मागच्या रांगेतल्या एका सिस्टरांनी हात वर केला. “सर, गोवरच्या व्हायलला सहा तास लिहिलंय, ते बाहेर राहिली तर ना? लगेच परत फ्रिजमध्ये ठेवली तर पुढच्या सत्राला चालेल?”

उत्तर ‘नाही’ असं आहे. पण माझ्या स्लाइडवरून त्यांनी काढलेला अर्थ अगदी सरळ होता. ‘गोवर: ६ तास’ या ओळीच्या बरोबर वर मीच लिहिलं होतं, ‘योग्य तापमान राखा’. दोन ओळी शेजारी शेजारी आल्या की वाचणारा त्यांच्यात नातं जोडतो. खरं नातं मी दाखवलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं जोडलं.

ज्या परिच्छेदावरून ती स्लाइड केली होती तो साधारण असा होता. जागतिक आरोग्य संघटनेने उघडलेल्या व्हायलबाबत २०१४ मध्ये सुधारलेलं जे धोरण आहे, त्यावर तो बेतलेला आहे. इथे तो फक्त उदाहरण म्हणून घ्या. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपल्या कार्यक्रमाचाच नियम पाहावा.

> बहुमात्रा व्हायल उघडल्यानंतर सत्र संपताच किंवा सहा तासांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, टाकून द्यावी. मात्र लस जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता असलेली व उघडल्यानंतर २८ दिवस वापरण्यास मंजूर असल्यास, तिची मुदत संपलेली नसल्यास, ती सतत शिफारस केलेल्या तापमानात ठेवलेली असल्यास, तिच्यावरील व्हीव्हीएम टाकून देण्याच्या टप्प्याला पोचलेला नसल्यास आणि ती गोठल्यामुळे बिघडलेली नसल्यास २८ दिवसांपर्यंत वापरता येते. गोवर, बीसीजी यांसारख्या मिसळून द्यायच्या लसींत सहसा प्रिझर्व्हेटिव्ह नसल्यामुळे आत शिरलेले जंतू वाढू शकतात, म्हणून त्यांना ही सवलत नाही. व्हीव्हीएम केवळ उष्णतेचा परिणाम दाखवत असल्यामुळे तो योग्य दिसला तरी, गोठल्याने बिघडणाऱ्या लसीची व्हायल गोठल्याचा संशय असल्यास शेक टेस्ट केल्याशिवाय वापरू नये. ती घट्ट गोठलेली आढळल्यास मात्र टेस्टही न करता टाकून द्यावी.

व्हायल म्हणजे लसीची छोटी बाटली, आणि बहुमात्रा म्हणजे एकाच बाटलीत अनेक डोस. मिसळून द्यायच्या लसी पावडरच्या रूपात येतात आणि देण्याआधी द्रावकात मिसळाव्या लागतात. व्हीव्हीएम म्हणजे व्हायलवरचा तो छोटा चौकोन, जो उष्णता लागेल तसा गडद होत जातो. शेक टेस्टमध्ये संशयित व्हायल आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली व्हायल एकदमच हलवून ठेवतात आणि गाळ कुठे लवकर बसतो ते पाहतात. एवढं माहीत असलं की पुढचं समजायला पुरे.

आणि ही माझी जुनी स्लाइड:

- उघडलेली व्हायल: २८ दिवस
- व्हीव्हीएम तपासा
- योग्य तापमान राखा
- गोवर / बीसीजी: ६ तास
- गोठलेली व्हायल: शेक टेस्ट

दिसायला छान. पाच ओळी, मोठा फॉन्ट, भरपूर मोकळी जागा. आता परिच्छेद पुन्हा वाचा आणि काय काय गळलं ते बघा.

नातं शब्दाच्या शेपटीत असतं

मराठीत कारण, अट आणि अपवाद हे बऱ्याचदा वेगळ्या शब्दांत नसतातच. ते क्रियापदाच्या शेपटीत असतात. गोठल्यास, गोठल्यामुळे, गोठली तरी, गोठल्याशिवाय. मूळ क्रिया एकच, ‘गोठणं’. पहिल्या शब्दात अट आहे, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात ‘त्याने फरक पडत नाही’ असं सांगणं, आणि चौथ्यात ‘ते झाल्यावरच पुढचं’ अशी आडकाठी.

बुलेट करताना आपण सवयीने क्रियापदाचं नाम करतो. ‘गोठल्यास टाकून द्यावी’ याचं ‘गोठलेली व्हायल’ होतं आणि शेपूट तुटतं. ‘गोठलेली व्हायल: शेक टेस्ट’ या ओळीत टेस्ट का करायची, कोणत्या वेळी करायची, टेस्टनंतर काय, यातलं काहीच उरलेलं नाही. मधल्या दोन टिंबांना अर्थ नसतो. ते ‘म्हणजे’ही असू शकतात, ‘असेल तर’ही, ‘साठी’ही. त्यातून इथे ती ओळ उलटाच अर्थ देते. घट्ट गोठलेली व्हायल टेस्ट न करता टाकायची असते, आणि स्लाइड म्हणते गोठलेली असेल तर टेस्ट करा.

म्हणून स्लाइडला हात लावण्याआधी मी आता परिच्छेद कागदावर छापून घेतो आणि फक्त सांधे शोधतो. मजकूर नंतर. -मुळे, म्हणून, कारण यांच्याभोवती गोल. -ल्यास, जर, असेल तर यांच्याखाली रेघ. मात्र, पण, वगळता, -खेरीज यांच्यावर फुली. तरी, तरीही असेल तिथे चौकोन. वरच्या परिच्छेदात अशा खुणा डझनभराहून अधिक होतात. जुन्या स्लाइडवर त्यांतली एकही शिल्लक नव्हती.

‘शिवाय’ या शब्दावर मात्र दोनदा थांबायचं. ‘शेक टेस्टशिवाय वापरू नये’ यात तो अट घालतो. ‘शिवाय शेक टेस्टही करावी’ यात तो नुसती भर घालतो. शब्द एक, काम दोन. बुलेटमध्ये आजूबाजूचं वाक्य कापलं गेलं की कोणतं काम चाललंय हे कळायला मार्ग उरत नाही. मी तो स्लाइडवर वापरतच नाही. अट असेल तिथे ‘आधी अमुक, मगच तमुक’ असं लिहितो, भर असेल तिथे ‘आणि’.

आधी ठरवायचं: नियम कोणता आणि अपवाद कोणता

खुणा झाल्या की सगळ्यात अवघड निर्णय समोर येतो. पहिला, सगळ्यात डावीकडचा बुलेट कोणता?

जुन्या स्लाइडवर मी ‘२८ दिवस’ वर ठेवलं, कारण ते नवं होतं, लक्षात राहण्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांना तेच ऐकायचं होतं. परिच्छेदात मात्र उलट आहे. मूळ नियम ‘टाकून द्या’ हा आहे आणि २८ दिवस ही त्यातून दिलेली सवलत आहे. मी सवलतीला नियम केलं आणि नियमाला गोवर-बीसीजीपुरता अपवाद.

याने काय बिघडतं? माहिती अपुरी असते तेव्हा माणूस नियमाकडे वळतो. व्हायल हातात आहे, रात्री फ्रिज चालू होता की नाही याची खात्री नाही. ‘२८ दिवस’ हा नियम वाटत असेल, तर खात्री नसूनही ती व्हायल वापरली जाईल. ‘टाका’ हा नियम असेल, तर खात्री नसल्यावर ती टाकली जाईल. तोच मजकूर, त्याच अटी, पण संशयाच्या वेळी दोन स्लाइड दोन विरुद्ध गोष्टी करायला सांगतात.

म्हणून कोणत्याही परिच्छेदाला मी हा प्रश्न विचारतो: काहीच माहीत नसेल तर काय करायचं? त्याचं उत्तर पहिल्या बुलेटमध्ये. बाकी सगळं त्याला टांगायचं. मूळ लेखकाने वाक्य कोणत्या क्रमाने लिहिलंय याला इथे महत्त्व नाही. अधिकृत मजकुरात नियम कधी कधी शेवटच्या पोटवाक्यात सापडतो.

याचा एक आनंददायक परिणामही झाला. नियम जागेवर गेल्याबरोबर गोवर-बीसीजीचा ‘अपवाद’ नाहीसा झाला. त्या लसी मूळ नियमातच बसतात. त्यांना सवलत मिळत नाही, एवढंच. चुकीचा नियम वर ठेवला की अपवादांची संख्या वाढते, हे मी त्यानंतर बऱ्याच मजकुरांत पाहिलं. तीन-चार अपवाद लटकलेली स्लाइड दिसली, तर मी आधी ती उलटी करून बघतो.

कारण कापलं की लोक दुसरं कारण शोधतात

स्लाइडवर जागा कमी पडली की पहिला बळी कारणाचा. ‘काय करायचं ते सांगा, का ते तोंडी सांगू’ असा विचार असतो. सिस्टरांचा प्रश्न त्यातूनच आला. सहा तासांची मर्यादा कशासाठी हे लिहिलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्या अनुभवातलं सगळ्यात जवळचं कारण लावलं: उष्णता. उष्णता हेच कारण असेल तर फ्रिज हा उपाय आहेच. खरं कारण प्रिझर्व्हेटिव्ह नसणं हे आहे. सुई आत गेली की जंतू आत जाऊ शकतात आणि त्यांना रोखणारं काही नसतं. फ्रिजमुळे ही मर्यादा पुढे ढकलता येत नाही.

हे पुस्तकी नाही. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये गोवरच्या मोहिमेनंतर १५ मुलं दगावली. लस मिसळण्यासाठी चार दिवस एकच सिरिंज वापरली गेली होती आणि लस थंड तापमानात ठेवलेली नव्हती. दूषित लस हे कारण तपासात पुढे आलं.

तरी प्रत्येक कारण स्लाइडवर घ्यायलाच हवं असं नाही. माझी कसोटी अशी: कारण काढलं तर वाचणारा चुकीचा मार्ग शोधून काढेल का? शोधणार असेल तर ते राहतं. मुदत संपलेली लस का वापरायची नाही हे लिहिलं नाही तरी कोणी पळवाट काढणार नाही, म्हणून ते कारण मी बिनदिक्कत गाळतो. व्हीव्हीएमचं मात्र राहतं. ‘चौकोन ठीक आहे म्हणजे लस ठीक आहे’ हा समज इतका स्वाभाविक आहे, की त्याच्या वाटेत कारणच उभं करावं लागतं.

राहिलेलं कारण ज्या विधानाचं आहे त्याच्या खाली, एक पायरी आत, आणि ‘कारण’ या शब्दानेच सुरू करायचं. हे थोडं शाळकरी दिसतं हे मान्य. पण नुसतं आत ढकलल्याने कारण दिसत नाही. आत ढकललेली ओळ फक्त एवढंच सांगते की ती वरच्या ओळीच्या हाताखाली आहे. ती कारण आहे, उदाहरण आहे, अट आहे की पायरी आहे, हे जागेवरून कळत नाही.

‘तर’ आणि ‘तरच’

अटींच्या बाबतीत मराठीने आपल्याला एक अक्षर दिलंय आणि स्लाइड करताना आपण तेच वाचवतो. ‘टेस्ट पास झाली तर वापरा.’ न झाली तर? वाक्य गप्प आहे. ‘टेस्ट पास झाली तरच वापरा.’ आता दुसरा दरवाजा बंद झाला. हा ‘च’ गाळून जागा वाचत नाही, नियम मात्र बदलतो.

दुसरी अडचण अटी अनेक असतात तेव्हा येते. बुलेटखाली सहा ओळी लिहिल्या, तर सहाही हव्यात की कोणतीही एक पुरे? परिच्छेदात शेवटच्या अटीआधीचं ‘आणि’ हे सांगत असतं. यादी केली की पहिल्यांदा ते ‘आणि’ उडतं. तिरकी रेघ तर आणखी फसवी. ‘६ तास / सत्र संपल्यावर’ हे वाचून अर्धे लोक समजतात, ‘दोन्हींपैकी सोयीचं ते’. मूळ मजकूर म्हणतो, ‘जे आधी घडेल ते’. त्यामुळे सत्र दोन तासांत संपलं तर चार तास शिल्लक राहत नाहीत. यादीच्या डोक्यावर ‘सहाही हव्यात’ किंवा ‘यांतलं एक पुरे’ असं स्पष्ट लिहायचं, आणि रेघेच्या जागी शब्द.

आता सहा अटी एका यादीत वाचायला जड जातात, म्हणून त्यांचे गट करावेसे वाटतात. मी आधी त्या लांबीनुसार लावल्या होत्या, छोट्या वर, मोठ्या खाली. अगदी निरर्थक. मग लक्षात आलं की त्या अटी तपासणारी माणसं आणि वेळा वेगळ्या आहेत. पूर्वमान्यता आणि २८ दिवसांची मंजुरी हे लसीच्या प्रकारावर ठरतं. ते एकदा कार्यालयात बघून यादी लावली की झालं. उरलेल्या चार अटी ही विशिष्ट व्हायल हातात घेऊन, दर वेळी बघायच्या आहेत. असे गट केले की यादी लहान वाटते आणि ‘आणि’ही हरवत नाही.

या सगळ्यानंतर पहिली स्लाइड अशी झाली. शीर्षकही पूर्ण वाक्य आहे, कारण खोलीतल्या बऱ्याच जणांना नंतर तेवढंच आठवणार असतं.

उघडलेली व्हायल सत्रानंतर टाका. सहाही अटी जुळल्या तरच २८ दिवसांपर्यंत ठेवा

- नियम: सत्र संपलं किंवा उघडून ६ तास झाले, यांतलं जे आधी होईल तेव्हा टाका
  - गोवर, बीसीजीसारख्या मिसळून द्यायच्या लसी नेहमी याच नियमात
  - कारण: त्यांत सहसा प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, जंतू वाढू शकतात, फ्रिजमध्ये ठेवून मुदत वाढत नाही
- अपवाद: पुढच्या सहाही गोष्टी खऱ्या असतील तरच २८ दिवसांपर्यंत
  - लसीचा प्रकार (एकदा बघा): पूर्वमान्यता आहे आणि २८ दिवसांची मंजुरी आहे
  - हातातली व्हायल (दर वेळी बघा): मुदत आहे, तापमान सतत योग्य होतं, व्हीव्हीएम टाकण्याच्या टप्प्याला पोचलेला नाही, आणि गोठून बिघडलेली नाही
- एकाचीही खात्री नसेल तर: नियम लागू, टाका

जुन्या स्लाइडपेक्षा शब्द बरेच जास्त आहेत. ‘एका स्लाइडवर सहा ओळी, एका ओळीत सहा शब्द’ मानणाऱ्यांना ही आवडणार नाही. मला तो दंडक घोषणांसाठी बरा वाटतो. नियम सांगायचा असेल तर सहा शब्दांत अट आणि तिचा परिणाम दोन्ही बसतच नाहीत, आणि बसवायला गेलं की जो तुकडा पडतो तो नेमका अटीचा असतो.

शेवटचा बुलेट परिच्छेदात शब्दशः नाही, हे कोणी चाणाक्ष वाचक पकडेल. तो नियम-अपवादाच्या रचनेतच दडलेला आहे. अपवादाची अट सिद्ध होत नसेल तर नियम उरतो. मी तो फक्त बाहेर काढून लिहिला.

गोठण्याचा भाग दुसऱ्या स्लाइडवर गेला. इथे एक पथ्य आहे. परिच्छेद तोडायचा तो नियम आणि त्याचा अपवाद यांच्या मधून कधीच नाही. लोक मोबाइलवर एकाच स्लाइडचा फोटो काढतात आणि तोच ग्रुपवर फिरतो. अपवाद पुढच्या स्लाइडवर असेल, तर फोटोत तो नसतो. एकामागून एक क्लिकने येणाऱ्या ओळींचंही तसंच. नियम दिसला की लोक लिहून घेतात आणि वही मिटतात. नियम आणि अपवाद एकाच क्लिकवर आणायचे.

व्हीव्हीएम ठीक दिसला तरी, गोठल्याचा संशय असलेली व्हायल तशीच वापरू नका

- कारण: व्हीव्हीएम फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही
- संशय असेल तर: आधी शेक टेस्ट, पास झाली तरच वापरा, नाहीतर टाका
- अपवाद: घट्ट गोठलेली सापडली तर टेस्ट न करता टाका
- हे सगळं फक्त गोठल्याने बिघडणाऱ्या लसींना लागू

परिच्छेदातला चौकोनातला ‘तरी’ इथे थेट शीर्षकात गेला. ‘तरी’ म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात असलेला समज लेखकाला ठाऊक आहे आणि तो खोडतो आहे. असा शब्द खालच्या ओळीत टाकला तर समज शीर्षकात जिवंत राहतो. बाण मी मुद्दामच टाळले. एकाच स्लाइडवर बाण कधी ‘म्हणून’, कधी ‘असेल तर’, कधी ‘त्यानंतर’ म्हणून येतो, आणि काढणाऱ्यालाही दोन दिवसांनी आठवत नाही कोणता कोणता.

खाली, बारीक, शेवटी

अट स्लाइडवर असूनही दिसत नाही, असं होतं का? होतं, आणि याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण होत असताना इंधनटाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडच्या शीर्षकाचा सूर होता की चाचण्यांवरून पाहता अंदाज सावध बाजूचाच आहे. त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, आतल्या पातळीवर, हे लिहिलं होतं की प्रत्यक्ष तुकडा चाचण्यांच्या कक्षेबाहेर आहे: त्याचं आकारमान १९२० घन इंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घन इंच. म्हणजे ६४० पट.

१ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. तपास मंडळाने आपल्या अहवालात माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली या स्लाइडची चिरफाड समाविष्ट केली, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने ती वाचूनही जिवाचा प्रश्न आहे हे त्याच्या लक्षात न येणं समजण्यासारखं आहे, असं म्हटलं. अपघात फोममुळे झाला, स्लाइडमुळे नाही, हे स्पष्ट ठेवायला हवं. पण आपल्या कामापुरतं बघा: तळाची ती ओळ शीर्षकाला लागणारी अट होती. ‘चाचण्या लागू असतील तर अंदाज सावध आहे’, आणि चाचण्या लागू नव्हत्या. वाक्यात हे दोन भाग एकमेकांना धरून राहिले असते. बुलेटमध्ये एक डोक्यावर बसला आणि एक पायाशी.

यातून मी एक साधी सवय लावून घेतली. जी अट खोटी ठरली तर शीर्षकच खोटं पडतं, ती शीर्षकात किंवा त्याच्या लगेच खाली, त्याच फॉन्टमध्ये. मजकूर वाढला की स्लाइडचं सॉफ्टवेअर आपोआप अक्षरं लहान करतं, आणि आतल्या पातळीची अक्षरं आधीच बारीक असतात. ती सोय मी बंद ठेवतो. मजकूर मावला नाही तर मला कळायला हवं.

स्लाइड बरोबर झाली हे कशावरून?

स्वतः पुन्हा वाचून हे कळत नाही. परिच्छेद आपल्या डोक्यात असतो आणि स्लाइडवर नसलेलं ‘तरच’ आपल्याला दिसतच राहतं. मी परिच्छेद न वाचलेल्या माणसाला फक्त स्लाइड देतो आणि चार-पाच छोट्या परिस्थिती विचारतो. त्याचं उत्तर परिच्छेदाच्या उत्तराशी जुळलं पाहिजे.

परिस्थिती निवडायची ती नात्यांच्या टोकावरची. एक: मंजुरी असलेल्या लसीची व्हायल काल उघडली, व्हीव्हीएम ठीक, पण रात्रीच्या तापमानाची नोंदच नाही. परिच्छेद म्हणतो टाका. जुनी स्लाइड म्हणते व्हीव्हीएम तपासा, आणि तो ठीक आहे, म्हणून वापरा. दोन: गोवरची व्हायल मिसळली, सत्र तीन तासांत संपलं. परिच्छेद म्हणतो आत्ता टाका. जुनी स्लाइड म्हणते अजून तीन तास आहेत. तीन: व्हायल बर्फासारखी कडक सापडली. परिच्छेद म्हणतो टाका, जुनी स्लाइड टेस्ट करायला सांगते. तीनपैकी तीन चुकली. पाच खऱ्या बुलेटमधून तीन चुकीची उत्तरं निघाली.

नव्या स्लाइडने तिन्ही बरोबर दिली. चौथ्या वेळी मात्र मीच अडकलो. एका सहकाऱ्याने विचारलं, “मंजुरी असलेली व्हायल काल उघडली, आज गोठल्याचा संशय आला. आता स्लाइड एक बघू की दोन?” दोन स्लाइडवरच्या अटी एकाच व्हायलवर एकदम लागू होत होत्या. अटी अशा एकमेकींना छेदायला लागल्या की बुलेट हे साधन संपतं. आत आणखी एक पायरी घालून ते सुटत नाही. तिथे तक्ता लागतो: उभ्या रकान्यांत ‘गोठल्याचा संशय नाही, संशय आहे, घट्ट गोठलेली’, आडव्या ओळींत ‘आज उघडली, आधी उघडली’, आणि प्रत्येक घरात एकच क्रिया. सहा घरं भरताना जे घर भरता येत नाही, तिथे आपल्याला नियम कळलेला नाही.

आणि एक घर भरता येईना. ‘संशय’ म्हणजे नेमकं काय, हे परिच्छेदात लिहिलेलंच नव्हतं. वाहत्या वाक्यात ते खुपलं नव्हतं; ‘संशय असल्यास’ वाचून डोळा पुढे सरकतो. अशा वेळी आपल्या समजुतीने एक अट घुसवण्याचा मोह होतो, कारण रिकामं घर वाईट दिसतं. मी ते रिकामंच ठेवलं, त्यात ‘मूळ मजकुरात नाही, विचारायचं’ असं लिहिलं आणि परिच्छेद लिहिणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “तापमानाच्या नोंदीत शून्याखालचा आकडा असेल किंवा फ्रीझ इंडिकेटरने इशारा दिला असेल तर. लिहिलंय ना मी?” मग थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. “नाही लिहिलेलं. थांब, परिच्छेदातच घालते.”